दोन अक्षरांची जागा

बुवांनी माझा कागद वाचला, पालथा केला आणि त्यावर मूठभर फुटाणे ठेवले. मग एकेक फुटाणा सोलून खाऊ लागले. मी समोर बसून होतो. ओसरीत दुसरं कोणी नव्हतं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "चांगलं हाये. कोनाच्याबी तेरवीले चालन."

हे कौतुक नव्हतं, एवढं मला कळलं. त्या कागदावर मी माझ्या दोस्तासाठी लिहिलेलं गाणं होतं. काळजाचा तुकडा होता, आसवांचा पूर होता, सुनी झालेली वाट होती आणि शेवटी 'परतुनी ये रे' होतं. लिहिताना माझाच गळा दाटून आला होता, त्यामुळे गाणं जमलं असं मी धरून चाललो होतो.

"यातलं तुझ्या दोस्ताचं काय हाये, ते मले दाखव," बुवा म्हणाले. "नाव झाकून वाच. गावातल्या पोट्ट्याले वयखू आलं पायजे का हा कोन मानूस व्हय."

मी कागद उलटा करून पुन्हा वाचला. त्यात तो नव्हता. त्यात मीच होतो, माझं रडणं होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

दोस्त गेला तो मार्गशीर्षात, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना. सकाळी शेतात गेला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला आणि उठलाच नाही. आमच्या भागात पन्नाशीच्या आतबाहेरचा शेतकरी शेतात गेला म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारत नाही, मनातच काहीतरी ठरवून घेतो. तसं नव्हतं. हृदय बंद पडलं होतं. हे मला दोन महिने लोकांना सांगत फिरावं लागलं, म्हणून इथंही एकदा सांगून टाकतो.

तेरवीला चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पंचवीस-तीस शुभेच्छुकांचे फोटो. शुभेच्छुक हा शब्द छापणाऱ्याच्या जुन्या फायलीतून तसाच आला असावा. त्याच वेळी घरात बाया हेल काढून रडत होत्या. त्या रडण्यात त्याची चुलत बहीण म्हणत होती की वांग्याचं भरीत केलं की त्यातला देठ कोण मागेल आता. फ्लेक्सवर त्याचा चेहरा होता, पण तो खरा भेटला त्या देठात. आमच्याकडे पुरुषांची श्रद्धांजली छापखान्यात तयार होते आणि बायांची रडता रडता तयार होते. दुसरीत माणसाचं खाणंपिणं, चालणंबोलणं आपोआप येतं. हे मला तेव्हा दिसलं होतं, तरी लिहायला बसलो तर माझ्याकडून फ्लेक्सच लिहिला गेला.

वर्षश्राद्धाला रात्री भजन ठेवायचं ठरलं होतं आणि आमच्या मंडळानं त्यात एक गाणं त्याचं म्हणावं, अशी सगळ्यांची इच्छा होती. तो स्वतः गात नसे. कार्तिकात काकड्याला पहाटे यायचा, मागे बसायचा आणि आरतीच्या आधीच उठून चहाचं पातेलं चुलीवर चढवायचा. पण मंडळाचा माणूस होता.

बुवांनी मला अभंग लिहायला लावला. मोठा अभंग. त्याचा हिशोब साधा आहे. एका कडव्यात चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चारच. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळायचं, पहिला आणि चौथा मोकळा. याला लोक साडेतीन चरणांचा अभंग म्हणतात. सहाच्या निम्मे तीन होतात, चार नाही, असं मी एकदा म्हणालो होतो. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा काढलं नाही.

मोजायचं बोटांवर. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'त्याच्या' ही दोन अक्षरं. आणि लिहिलं तेवढं मोजायचं, बोललं तेवढं नाही. ही गोष्ट समजायला मला दोन दिवस लागले. 'सायकल' आपण बोलतो तेव्हा 'साय्-कल्' अशी दोन झटक्यांत संपते, पण अभंगात ती चार अक्षरांची. सा, य, क, ल. गाताना प्रत्येक अक्षर उघडतं, शेवटचा 'ल'सुद्धा पूर्ण म्हटला जातो. बोलीच्या कानानं मोजलं की ओळ कागदावर बरोबर दिसते आणि पेटीवर म्हणायला गेलं की तोंडात मावत नाही. माझ्या पहिल्या कागदावरच्या निम्म्या ओळी अशाच होत्या.

"आता रडू नको," बुवा म्हणाले. "तो रोज काय करे ते लिही. चार गोष्टी आन. पन अशा, का ज्या त्याच्याशिवाय दुसरं कोनी करत नाई."

चार गोष्टी आणायला मला तीन आठवडे लागले. आपल्याला वाटतं आपल्याला माणूस पाठ आहे. तसं नसतं. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू', 'कोणाच्याही मदतीला धावणारा' हेच आधी येतं, आणि हे सगळ्या मेलेल्या माणसांना लागू पडतं. (जिवंतपणी यातलं एकही विशेषण त्याला कोणी लावलेलं मला आठवत नाही. बायको त्याला चिकट म्हणायची, मी लांबण्या म्हणायचो.) मग मी विचार करणं सोडलं आणि त्याच्या वाटेनं चाललो. त्याच्या घरापासून पांदणीनं शेतापर्यंत, तिथून फाट्यावरच्या टपरीपर्यंत, टपरीवरून माझ्या घरी. तिथं एकेक सापडत गेलं.

पांदणीत सायकल सापडली. तो सायकलवर असला आणि वाटेत ओळखीचं कोणी पायी जाताना दिसलं, की खाली उतरायचा. मागे बसा म्हणायचा नाही, पुढंही निघून जायचा नाही. सायकल हातात धरून त्या माणसाबरोबर चालायचा. शेतात जायला त्याला दहा मिनिटांऐवजी पाऊण तास लागायचा. सायकल त्यानं चालवली किती आणि हातात धरून नेली किती, याचा हिशोब काढला तर दुसरीच बाजू भारी भरेल.

धुऱ्यावर सुतळी सापडली. रस्त्यात, शेतात, बाजारात सुतळीचा तुकडा पडलेला दिसला की उचलायचा, बोटाला गुंडाळून खिशात टाकायचा. "कामी येते." आणि खरंच यायची. चुंगडीचं तोंड बांधायला, बैलाच्या गेठ्याला, कोणाच्या चपलेच्या अंगठ्याला. तो गेल्यावर खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून वहिनींनी काढलेला गुंडा मी पाहिला आहे. संत्र्याएवढा होता.

जागलीतून बॅटरी सापडली. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही पडतात, म्हणून आम्ही हिवाळाभर जागलीला जायचो. निघताना तो बॅटरीचं तोंड तळहातावर टेकवून बटन दाबायचा. आपला हात आतून लाल झालेला पाहायचा. झाला लाल, की चला. बॅटरी पेटते की नाही हे भिंतीवर उजेड टाकूनही कळतं, सगळे तसंच करतात. तो हातावरच पाहायचा. लहानपणापासून.

आणि माझ्या घरी त्याचं 'येतो' सापडलं. 'येतो आता' म्हटल्यावर तो अर्धा तास बसायचा. माझ्या बायकोला हे माहीत झालं होतं. त्यानं 'येतो' म्हटलं की ती दुसऱ्या चहाचं आधण ठेवायची. तो चहा बशीत ओतून प्यायचा आणि मग पुन्हा एकदा 'येतो' म्हणायचा.

पाचवी एक होती, खऱ्र्याची. फाट्यावर खर्रा घोटून घेताना टपरीवाल्याला 'अजून घोट' हे तीनदा सांगायचा. ते कडवं मी केलंही होतं आणि अक्षरं चोख बसली होती. बुवांना आवडलं. मी मात्र ते ठेवलं नाही. ज्या डॉक्टरांनी त्याला तपासून गेल्याचं सांगितलं, त्यांनी पहिला प्रश्न तंबाखूचा विचारला होता आणि उत्तर वहिनींनी दिलं होतं. त्या ओसरीत बसणार होत्या. आठवण खरी आहे एवढ्यानं ती गाण्यात यावीच असं नाही.

मग लिहिणं सोपं झालं असं वाटेल. झालं नाही. सायकलचं कडवं मी आधी असं केलं होतं की तो सगळ्यांना सोबत करायचा आणि आता आम्हाला एकटं सोडून गेला. बुवांनी दुसरा अर्धा भाग नखानं खरवडल्यासारखा केला. "हे लोकं सोताच मनात म्हनतीन. त्याईचं काम तू कायले करतं?" त्यांचं म्हणणं असं, की ऐकणाऱ्याच्या घशात जे आलेलं असतं ते गाणाऱ्यानं बोलून टाकलं तर ऐकणारा मोकळा होतो, टाळ वाजवू लागतो. बोललं नाही तर ते त्याच्याजवळ राहतं.

हेच 'येतो'च्या कडव्याचं झालं. त्यात तर मोहच फार होता. रोज 'येतो' म्हणून न जाणारा माणूस एक दिवस न सांगता गेला, ही ओळ कोणालाही सुचेल, आणि कोणालाही सुचेल हाच तिचा दोष. मी ती चार दिवस धरून ठेवली. पाचव्या दिवशी टपरीवर गुणगुणलो तर टपरीवाला "वा" म्हणाला. वा म्हटल्यावर मी ती काढली. तिथं चहा आणि बशी ठेवली.

शेवटी जे राहिलं ते असं:

वाटेनं कोणीबी, दिसे पायी पायी,
सायकल जाई, हाती त्याच्या.

पडली सुतळी, दिसली धुऱ्याले,
गुंडाळी बोटाले, कामी येई.

बॅटरी दाबून, तळहात पाहे,
लाल झाला आहे, मग निघे.

येतो म्हणे तरी, बसूनच राही,
चहा पुन्हा येई, बशीतून.

कागदावर सुतळी आहे, पण बुवा गातात 'सुतयी', आणि तळहाताचा 'तयहात' होतो. आमच्याकडे ळ जिभेवर टिकत नाही. अक्षरांची संख्या बदलत नाही, म्हणून मी तक्रार केली नाही. 'धुऱ्याले', 'बोटाले' मात्र मी मुद्दाम लिहिलं. 'धुऱ्याला' म्हटलं असतं तरी अक्षरं तेवढीच होती, पण मग तो धुरा आमच्या गावचा राहिला नसता.

हे टपरीवर वाचून दाखवलं तेव्हा कोणी 'वा' म्हणालं नाही. दुसऱ्या कडव्याला एक म्हातारा म्हणाला, "मायी चप्पल अजूनबी त्यानंच बांधेल हाये," आणि पाय पुढे केला. अंगठ्याला सुतळी होती. नाव झाकलेलंच होतं.

चालीवर आमचं भांडण झालं. मला भैरवी हवी होती. कार्यक्रमाच्या शेवटी भैरवी म्हणतात, वर्षश्राद्धाचं गाणं म्हणजे भैरवीच, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. बुवांनी पेटीवर पहिलं कडवं भैरवीत म्हणून दाखवलं. फार गोड लागलं आणि सायकल दिसेनाशी झाली. ऐकताना फक्त वाईट वाटत होतं. "भैरवीचे सूर सोताच रडते," ते म्हणाले, "मंग शब्दाले काय काम उरलं?" मग त्यांनी तेच भूपात म्हटलं. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध, आणि एकही कोमल नाही. पहाटे अंगण झाडल्यासारखं ते स्वच्छ वाटलं. सायकल पुन्हा दिसू लागली, हातात धरलेली, चाक किरकिरत जाणारी.

ठेका भजनीच, आठ मात्रांचा. सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायची तर दोन अक्षरं लांबवावी लागतात. बुवा साधारण तिसरं आणि सहावं लांबवतात. 'वाटेनंऽ कोणीबीऽ' छान बसलं. पण त्याच हिशोबानं 'सायकऽल जाईऽ' म्हटलं तर सायकल मधोमध मोडते. मग त्यांनी तिथं पहिलंच अक्षर ताणलं, 'साऽयकल जाईऽ', आणि चाक सरळ झालं. अशा दुरुस्त्या कागदावर करता येत नाहीत, गळ्यातच कराव्या लागतात.

चौथ्या चरणाशी मी अडलो होतो. 'हाती त्याच्या' ही चारच अक्षरं. आमच्या चालीत ती चार मात्रांतच संपतात आणि अर्धं आवर्तन रिकामं राहतं. मी म्हटलं, इथं काहीतरी भरू, 'रामा' म्हणू, 'देवा' म्हणू, दोन अक्षरं घातली की चरण पुरा होतो. बुवा म्हणाले, "भरू नको. ते खंजिरीचं हाये."

ही रिकामी जागा काय असते ते मला माहीत होतं, फक्त कधी मोजली नव्हती. आम्ही दोघं दरवर्षी मोझरीला जायचो. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला तिथल्याच गुरुकुंज आश्रमात वारले, पण पुण्यतिथी तिथीनं होते, आश्विन वद्य पंचमीला. गावोगावची मंडळं आलेली असतात. दिवसभर इकडं खंजिरी, तिकडं खंजिरी, लाऊडस्पीकर, पोरांची पिपाणी, पोह्याच्या गाड्या. आणि 4 वाजून 58 मिनिटांनी सगळं थांबतं. महाराज गेले ती वेळ. हजारो माणसं जागच्या जागी हात जोडून उभी राहतात आणि कोणी काही बोलत नाही. भाषण नाही, रडणं नाही. पाखरांचा आवाज ऐकू येतो. माझा दोस्त त्या वेळी सायकलच्या घंटीवर तळहात दाबून धरायचा. गर्दीत कोणाचा धक्का लागून ती वाजू नये म्हणून. त्याची घंटी सैल होती, वाऱ्यानंही वाजायची. ती त्यानं कधी दुरुस्त केली नाही, दरवर्षी हातानंच दाबून धरली.

हे मी बुवांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे गान्यात नको टाकू." मी विचारलं, का? "हे तुयं हाये. बाकीचं गावाचं हाये." मी टाकलं नाही. इथं लिहितो आहे, याला त्यांची हरकत नसावी.

आता शेवटचं कडवं. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं, नाममुद्रा. आमच्या बुवांच्या मते त्याशिवाय अभंगाचं दार लागत नाही. माझं नाव घालायला मी तयार नव्हतो. दोस्ताचं घालावं तर तो काही म्हणत नव्हता, त्याच्याबद्दल आपण म्हणत होतो. आणि नाव आलं की झाकून वाचायची गंमत गेली. पण 'अमुक म्हणे' या जागी त्याचं म्हणणं घालता येईल, हे एकदा रात्री उशिरा सुचलं. त्याचं एक म्हणणं होतं. कोणतीही गोष्ट असो, सोसायटीचं कर्ज, पोराची दहावी, बंडीचं चाक, बोलणं संपवताना तो 'पाहू उद्या' म्हणायचा. आणि आवाराचं फाटक लावून जायचा. फाटक कोणाचंही असो. स्वतःचं, माझं, ज्याच्याकडं गेला त्याचं, किंवा वाटेत उघडं दिसलं म्हणून ज्याच्याकडं गेलाच नाही त्याचंही. गुरं आत शिरू नयेत म्हणून. लावून झालं की कडी पुन्हा हलवून पाहायची.

पाहू उद्या म्हणे, फाटक लावून,
कडी ती पाहून, दोनवेळा.

बुवांनी हे वाचून फुटाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली. त्यापलीकडे ते काही बोलले नाहीत.

वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळपासूनच धुकं उतरलं होतं. तूर फुलावर होती आणि अंगणात ओल चढत होती. दमट हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि थाप मारली की पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. खंजिरीवाला दर दोन भजनांनी उठून ती शेकोटीवर धरायचा, अंगठ्यानं दाबून पाहायचा, परत येऊन बसायचा. आमचं गाणं आलं तेव्हा ती नुकतीच शेकलेली होती, हे नशीब. कारण त्या चार मात्रांत तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

ओसरीत बाया, अंगणात पुरुष. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून बसलेल्या. त्यांचा मोठा पोरगा टाळ घेऊन मंडळात बसला होता. बापाच्या जागेवर, म्हणजे सगळ्यात मागे.

बुवांनी पहिलं कडवं म्हटलं आणि 'सायकल जाई हाती त्याच्या' हे धृपद म्हणून मंडळाकडे टाकलं. मंडळानं उचललं. दुसऱ्यांदा म्हणताना अंगणातल्या दोघातिघांनी उचललं. त्यातल्या प्रत्येकाबरोबर तो कधी ना कधी चाललेला होता. 'हाती त्याच्या' झालं की आवाज थांबायचा आणि खंजिरी चार मात्रा एकटी चालायची. कोणी रडलं नाही. बॅटरीच्या कडव्याला पोरं हसली. एका पोरानं खरंच खिशातून मोबाईल काढला, त्याचा उजेड तळहातावर धरला आणि शेजारच्याला दाखवला. बुवांनी ते पाहिलं असावं, कारण ते कडवं त्यांनी पुन्हा घेतलं.

'येतो म्हणे तरी'ला माझी बायको उठून आत गेली. चहा ठेवायची वेळ झालीच होती म्हणा.

शेवटचं कडवं आलं. 'कडी ती पाहून, दोनवेळा'. चार मात्रा खंजिरी चालली. त्या रिकाम्या जागेत, अगदी नेमकं तिथं, दारातून वहिनींचा आवाज आला.

"दोन नाई भाऊजी, तीनवेळा."

मंडळ थांबलं. मला काही सुचेना. वर्षभरात मी त्यांच्या तोंडून एवढं खणखणीत वाक्य ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा म्हणाल्या, "तीनवेळा पाहत व्हते. एकदा लावताना, एकदा चार पावलं जाऊन परत येऊन, अन् एकदा झोपाच्या आंधी. मी मोजेल हाये. मी कटकट करो ना त्याच्यावरून."

मी बोटं मोजली. ती, न, वे, ळा. चारच.

"बसते का?" बुवांनी विचारलं.

"बसते," मी म्हटलं.

त्यांनी डायरी जवळ ओढली, पेन मागितलं, 'दोन' खोडून 'तीन' केलं आणि कडवं पहिल्यापासून घेतलं. पाहू उद्या म्हणे, फाटक लावून. मंडळानं साथ धरली. कडी ती पाहून, 'तीनवेया'. खंजिरीच्या चार मात्रा. मागून पोराचा टाळ बंद पडला आणि तो हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असा म्हणाला, "चारवेळा. आई झोपल्यावर एकदा उठत व्हते."

"काई सांगते," वहिनी म्हणाल्या.

"खरंच म्हनतो. मले उठवत व्हते, चाल म्हने संग."

यावर अंगणात दोन तट पडले. बुवा पेन हातात धरून आळीपाळीनं दोघांकडे पाहत होते. खंजिरीवाला उठला आणि खंजिरी शेकायला घेऊन गेला.